आयफोन: आयक्लाउडचा बॅकअप चढवावा की मॅकवरचा? आणि फोनवरचं नेमकं काय पुसलं जातं?

पाचवा_कोपरा

मंडळी, जाणकारांनी कृपया मार्ग दाखवा. घाई आहे आणि नाहीही, कारण काहीही करायला हात धजावत नाहीये.

खर्च नोंदवायचं एक छोटं अॅप मी बरीच वर्षं वापरते आहे. परवा रात्री ते आपोआप अपडेट झालं आणि सकाळी उघडलं तर आत शुकशुकाट. सगळ्या नोंदी गायब, वर "नवीन खाते सुरू करा" असं हसतमुख स्वागत. अॅपला स्वतःचं क्लाउड वगैरे नाही, सगळं फोनमध्येच असायचं. बनवणाऱ्याला मेल टाकली आहे, उत्तर नाही.

माझ्याकडे दोन बॅकअप आहेत. एक आयक्लाउडचा, काल रात्रीचा. दुसरा मॅकवरचा, ३ तारखेचा, म्हणजे अपडेटच्या बराच आधीचा. माझे प्रश्न: (१) कुठला चढवू? (२) मॅकवरचा चढवला तर ३ तारखेनंतरचे फोटो, मेसेज, व्हॉट्सअॅप, रेकॉर्डिंग हे सगळं जाणार का? की फक्त जुन्या गोष्टी परत येऊन नव्याही तशाच राहतील?

---

मनमौजी७

सोप्पं आहे. आयक्लाउडवाला बॅकअप फोनमधल्या गोष्टींत मिसळतो, कॉम्प्युटरवाला सगळं पुसून लिहितो. तुम्ही आयक्लाउडवरून घ्या, काही जाणार नाही. मी फोन बदलला तेव्हा सगळे फोटो जसेच्या तसे आले होते.

---

आळशी_मांजर

व्हॉट्सअॅप अँड्रॉइडवरून आयफोनवर आणायचं असेल तर "मूव्ह टू आयओएस" नावाचं अॅप आहे बघा. नवीन फोन सेट करतानाच करावं लागतं.

---

पाचवा_कोपरा

@आळशी_मांजर, अहो अँड्रॉइडचा काही संबंधच नाही :) फोन तोच आहे, त्याच फोनवर जुना बॅकअप चढवायचा आहे.

---

आळशी_मांजर

ओह. शीर्षक वाचून धावत आले. चालू द्या.

---

जुनी_वायर

@मनमौजी७, मिसळत वगैरे काही नाही. दोन्ही प्रकारांत फोनची आत्ताची अवस्था जाते आणि बॅकअपच्या दिवशीची अवस्था येते. फरक एवढाच की आयक्लाउडचा बॅकअप चालू फोनवर चढवताच येत नाही. आधी Erase All Content and Settings करून फोन कोरा करायचा, मग सुरुवातीच्या सेटअपमध्ये तो बॅकअप निवडायचा. मॅकवरून मात्र भरलेल्या फोनवर थेट Restore Backup करता येतं, पण तेही आतलं बाजूला सारूनच. तुमचे फोटो "जसेच्या तसे" आले ते बॅकअपमुळे नव्हेत, आयक्लाउड फोटोज चालू असणार म्हणून.

पाचवा_कोपरा, उत्तर देण्याआधी दोन गोष्टी.

पहिली: आयक्लाउडचा बॅकअप तुमच्या कामाचा नाही. अॅप परवा रात्री रिकामं झालं आणि बॅकअप काल रात्रीचा आहे. म्हणजे त्यात रिकामं अॅपच जपून ठेवलं आहे. फोन चार्जिंगला, वायफायवर आणि लॉक असला की हा बॅकअप आपोआप होतो, त्याला चांगलं-वाईट कळत नाही. सेटअपच्या पडद्यावर कधीकधी एखादी आधीची तारीखही दिसते, पण ती दिसेलच या भरवशावर फोन कोरा करू नये. शिवाय कोरा करताना फोन स्वतःच "आधी बॅकअप पूर्ण करू का" म्हणून विचारतो आणि माणूस सवयीने हो म्हणतो.

दुसरी, आणि ही जास्त महत्त्वाची: फोन मॅकला जोडू नका. अजून तरी नाही.

---

पाचवा_कोपरा

का? चार्जिंगला पण नाही?

---

जुनी_वायर

मॅकवर एका फोनचा एकच चालू बॅकअप असतो. नवा झाला की तो जुन्यावरच लिहिला जातो. फाइंडरमध्ये मॅकवर बॅकअप घेण्याचा पर्याय निवडलेला असेल तर फोन जोडल्याबरोबर ते काम आपोआप सुरू होऊ शकतं. मग ३ तारखेचा बॅकअप गेला आणि त्या जागी रिकाम्या अॅपचा ताजा बॅकअप आला. धाग्याचं शीर्षक "फोनवरचं काय पुसलं जातं" असं आहे, पण तुमच्या बाबतीत पुसला जायचा पहिला धोका मॅकवरच्या बॅकअपला आहे.

म्हणून आधी तो फोल्डर कॉपी करून ठेवा. टर्मिनलमध्ये ही ओळ टाका, फोल्डर उघडेल:

```
open ~/Library/Application\ Support/MobileSync/
```

आत Backup नावाचा फोल्डर आहे, त्यात लांबलचक आकडे-अक्षरांच्या नावाचा एक फोल्डर असेल. तो अख्खा दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. आतल्या कशाला हात लावू नका, नाव बदलू नका.

त्यानंतर फोन जोडलात तर फाइंडरमध्ये Manage Backups उघडून त्या बॅकअपवर राइट क्लिक, Archive. म्हणजे तो गोठतो आणि पुढचा बॅकअप वेगळा तयार होतो. पण ही यादी फोन जोडल्याशिवाय दिसत नाही, म्हणून कॉपी आधी.

---

ठिपका

विंडोजवाल्यांचं काय? तिथे Archive दिसत नाही मला.

---

जुनी_वायर

@ठिपका, तिथे हाताने कॉपी हाच उपाय. आयट्यून्स कुठून घेतलंय त्यावर जागा ठरते. %APPDATA%\Apple Computer\MobileSync मध्ये बघा, नसेल तर %USERPROFILE%\Apple\MobileSync मध्ये.

---

रातकिडा

आणखी एक सापळा सांगून ठेवतो. फाइंडरमध्ये Encrypt local backup अशी चौकट आहे. "चढवण्याआधी जरा सुरक्षित करून घेऊ" म्हणून लोक तिच्यावर टिचकी मारतात, पासवर्ड देतात, आणि त्याच क्षणी नवा बॅकअप सुरू होऊन आधीच्यावर लिहिला जातो. निव्वळ एका टिचकीत. सेटिंग बदलतोय असं वाटतं, प्रत्यक्षात बॅकअप चालू झालेला असतो.

---

मनमौजी७

बरं मान्य, मिसळत नाही. पण मग माझ्या मित्राने आयक्लाउडवरून घेतल्यावर त्याच्या नंतरच्या नोट्सही होत्या त्या कशा?

---

जुनी_वायर

कारण त्या नोट्स बॅकअपमध्ये नव्हत्याच. इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फोनवरच्या गोष्टी दोन जातींच्या. काही आयक्लाउडशी सतत जुळवून घेणाऱ्या: फोटो (आयक्लाउड फोटोज चालू असेल तर), कॉन्टॅक्ट, कॅलेंडर, आयक्लाउडमधल्या नोट्स, आणि चालू केलं असेल तर मेसेजही. ही मंडळी आयक्लाउडवर आधीच असल्यामुळे आयक्लाउड बॅकअप त्यांना पुन्हा भरून ठेवत नाही. कुठलाही बॅकअप चढवा, लॉग-इन झालं की क्लाउडवरची *आत्ताची* अवस्था खाली उतरते. म्हणजे नंतरचं टिकतं. पण नाण्याची दुसरी बाजू: काल चुकून डिलीट केलेली आयक्लाउड नोट जुना बॅकअप चढवून परत येईल ही आशाही सोडायची. ती क्लाउडवरूनच गेलेली असते. तिच्यासाठी नोट्समधलं Recently Deleted बघायचं.

दुसरी जात फोनपुरती राहणारी. On My iPhone मधल्या नोट्स, क्लाउडवर नसलेले मेसेज, कॉलची यादी, आणि पाचवा_कोपरा यांच्या खर्चाच्या अॅपसारख्या अॅप्सचा माल. ही जात बॅकअपबरोबर मागे जाते. ३ तारखेचा बॅकअप म्हणजे ३ तारखेचा मजकूर, नंतरचं साफ.

तेव्हा "काय पुसलं जाणार" याचं उत्तर बॅकअप कुठला यापेक्षा तुमच्या आयक्लाउडच्या खटक्यांवर जास्त ठरतं. सेटिंग्जमध्ये आपल्या नावावर टिचकी मारून आयक्लाउडमध्ये जा आणि सांगा: फोटोज चालू आहे का, मेसेजेस चालू आहे का?

---

पाचवा_कोपरा

फोल्डर कॉपी झाला, फोन लांब ठेवलाय, आयक्लाउड बॅकअपचा खटका पण बंद केला. हुश्श.

फोटोज चालू. मेसेजेस बंद (का बंद आहे देव जाणे). व्हॉइस मेमो पण बंद, आणि त्यात या आठवड्यातली दोन रेकॉर्डिंग महत्त्वाची आहेत.

---

अनु_ब

खटका बंद केल्यावर आयक्लाउडवरचा असलेला बॅकअप लगेच उडतो का? मला वाटलं उडतो.

---

रातकिडा

@अनु_ब, नाही. नुसता खटका बंद केला तर १८० दिवस राहतो. साठवणुकीच्या यादीत जाऊन मुद्दाम डिलीट केलं तरच लगेच जातो.

---

जुनी_वायर

छान. मग तुमच्यासाठी जाऊन-परत-येण्याचा रस्ता आहे.

आधी आत्ताच्या फोनचा मॅकवर एक नवा बॅकअप घ्या, पासवर्डवाला. हा परतीचं तिकीट. पासवर्डवालाच का, तर साध्या बॅकअपमध्ये हेल्थचा डेटा, सेव्ह केलेले पासवर्ड, वायफायची सेटिंग्ज, कॉलची यादी येत नाही. मात्र पासवर्ड कागदावर लिहून ठेवा, तो विसरलात तर त्या बॅकअपला कुणीही उघडू शकत नाही. मग ३ तारखेचा गोठवलेला बॅकअप फोनवर चढवा, अॅप उघडा, नोंदी सीएसव्हीमध्ये एक्सपोर्ट करून स्वतःलाच मेल करा. मग परतीचं तिकीट चढवा. फोन पुन्हा आजच्या अवस्थेत, रेकॉर्डिंग-मेसेज सगळं जागेवर. शेवटी अॅपमध्ये सीएसव्ही इम्पोर्ट.

मधल्या काळाची काळजी घ्यायची. फोन ३ तारखेच्या अवस्थेत असताना जे मेसेज येतील ते परतीच्या वेळी पुसले जातील, कारण परतीच्या बॅकअपला त्यांची खबरच नाही. तेवढा वेळ सिम काढून ठेवा, ईसिम असेल तर लाइन बंद करा, आणि व्हॉट्सअॅप उघडूच नका. एसएमएस कंपनीकडे थांबतात, नंतर मिळतात.

आणि फोटोचं खात्रीने बघा: फोटोज अॅपमध्ये सगळं अपलोड झालंय का, की काही बाकी आहे. न चढलेला फोटो फक्त फोनवरच असतो.

---

ठिपका

Restore iPhone आणि Restore Backup ही दोन बटणं फाइंडरमध्ये जवळजवळच असतात. पहिलं चुकून दाबू नका, ते फोन कोरा करून आयओएस नव्याने टाकतं.

---

कट्टर_प्लग

हे ऑपरेशन चालू असताना फाइंड माय बंद करावं लागतं हे कुणी सांगितलंच नाही. त्याशिवाय मॅक पुढे जाऊ देत नाही. आणि Stolen Device Protection चालू असेल आणि तुम्ही नेहमीच्या जागी नसाल तर फाइंड माय बंद करायला तासभर थांबायला लावतं. मी एकदा बाहेर असताना असंच ताटकळत बसलो होतो, चहा प्यायला आणि परत आलो तरी घड्याळ चालूच.

बाकी माझा वैयक्तिक अनुभव असा की कॉम्प्युटरवरचा बॅकअप नेहमी वरचढ. आयक्लाउडवर ५ जीबी फुकट देऊन वर "जागा भरली" म्हणून रोज टोचत बसायचं, यालाच बॅकअप म्हणतात का?

---

अनु_ब

@कट्टर_प्लग, मला उलट वाटतं. लॅपटॉपला फोन शेवटचा कधी जोडला हेच लोकांना आठवत नाही. आयक्लाउडचा निदान रोज होतो. पाचवा_कोपरा यांचा मॅकवरचा बॅकअप इतका जुना होता म्हणूनच वाचल्या त्या, रोज घेणाऱ्याचा तोही रिकामाच निघाला असता :D

---

कट्टर_प्लग

हे म्हणजे आळसाचं समर्थन झालं. (दिवा घ्या)

---

निळी_पेन्सिल

मला एक शंका आहे, कुणी बोललं नाही म्हणून विचारते. बॅकअपमध्ये अॅप स्वतः असतं का? की फक्त त्याचा डेटा?

---

जुनी_वायर

फक्त डेटा. अॅप स्टोअरवरून पुन्हा उतरतं. दोन्ही प्रकारांत तसंच.

---

निळी_पेन्सिल

मग स्टोअरवरून उतरणारं अॅप आत्ताचं, म्हणजे ज्या आवृत्तीने गोंधळ घातला तेच ना? ३ तारखेचा डेटा त्याच्या पुढ्यात ठेवला तर ते पुन्हा रिकामं करणार नाही कशावरून?

---

जुनी_वायर

बरोबर पकडलंत. खात्री देता येत नाही. अपडेटनंतर पहिल्यांदा उघडताना अॅप जुना डेटा नव्या मांडणीत बदलून घेतं, आणि बहुधा तिथेच बिनसलं असावं. तसं असेल तर दुसऱ्यांदाही बिनसेल. मूळ बॅकअप गोठवलेला असल्याने तो जाणार नाही, पण सगळी यातायात फुकट जाईल. बनवणाऱ्याचं उत्तर येईपर्यंत थांबणं शहाणपणाचं.

---

रातकिडा

मला नाही वाटत प्रत्येक वेळी बिनसेल. अपडेटच्या वेळी फोनमध्ये जागा संपली असेल, मध्येच बंद पडलं असेल. शंभर कारणं असतात. माझा सल्ला, करून बघा, हातचं काही जात नाहीये.

---

जुनी_वायर

@रातकिडा, हातचं जात नाही हे खरं, पण दोन पूर्ण रिस्टोअर, फेस आयडी पुन्हा, वॉलेटमधली कार्डं पुन्हा, बँकेच्या अॅपची नोंदणी पुन्हा. आधी विचारून घ्यायला काय हरकत आहे?

---

स्क्रूड्रायव्हर

उशिरा आलो. सगळे रिस्टोअरच्या मागे का लागलात कळेना. पाचवा_कोपरा, Manage Backups मध्ये ३ तारखेच्या बॅकअपशेजारी कुलपाचं चिन्ह आहे का? नसेल तर फोनला हात न लावता नोंदी काढता येतील.

---

पाचवा_कोपरा

सकाळी धाडस करून फोन जोडला (कॉपी आहे म्हणून). बॅकअप सुरू व्हायला लागला होता, एक्स दाबून थांबवला, मग Archive केलं. कुलूप नाहीये. म्हणजे पासवर्ड नाही.

---

स्क्रूड्रायव्हर

मस्त. मग कॉपी केलेल्या फोल्डरमध्ये Manifest.db आहे, ती त्या बॅकअपची अनुक्रमणिका. आतल्या सगळ्या फायलींची खरी नावं तिच्यात असतात, डिस्कवर मात्र त्या चाळीस अक्षरी नावाने पडलेल्या असतात. कॉपीवरच काम करा. टर्मिनलमध्ये त्या फोल्डरमध्ये जाऊन:

```
sqlite3 Manifest.db "SELECT fileID, domain, relativePath FROM Files WHERE domain LIKE 'AppDomain-%';"
```

लांब यादी येईल. त्यात तुमच्या अॅपचं नाव शोधा. डाव्या रकान्यातलं जे नाव असेल त्याची पहिली दोन अक्षरं म्हणजे उपफोल्डर. उदा. नाव 7f ने सुरू होत असेल तर फाइल 7f नावाच्या फोल्डरमध्ये आहे. ती बाहेर कॉपी करा, नाव बदलून शेवटी .sqlite लावा आणि कुठल्याही एसक्यूलाइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडा.

---

मनमौजी७

हे सामान्य माणसाचं काम आहे का हो?

---

स्क्रूड्रायव्हर

दोन रिस्टोअर करण्यापेक्षा नक्कीच सामान्य आहे.

---

पाचवा_कोपरा

केलं! पण माझ्या अॅपच्या नावाखाली फक्त एक छोटी .plist फाइल सापडली, रंग आणि चलनाचं चिन्ह वगैरे. डेटा काही दिसत नाही. म्हणजे ३ तारखेलाही रिकामंच होतं की काय?

---

स्क्रूड्रायव्हर

घाबरू नका. त्या अॅपला होम स्क्रीनवरचं विजेट आहे का? विजेटला डेटा दिसावा म्हणून अॅप आपला माल दोघांच्या सामायिक जागेत ठेवतं. बॅकअपमध्ये त्याचा कप्पा वेगळा असतो. वरच्या ओळीत 'AppDomain-%' च्या जागी 'AppDomainGroup-%' लिहून बघा.

आणि सापडली तर एकच फाइल उचलू नका. त्याच नावाची -wal आणि -shm लावलेली भावंडं शेजारी असतील तर तिन्ही घ्या, तिन्हींची नावं तशीच जुळवून ठेवा. अगदी शेवटच्या नोंदी बऱ्याचदा -wal मध्ये असतात, मुख्य फाइलमध्ये अजून उतरलेल्या नसतात. नुसती मुख्य फाइल उघडली की लोकांना वाटतं शेवटचे काही दिवस गायब आहेत.

---

पाचवा_कोपरा

विजेट आहे! आणि सापडलं!! .sqlite आणि -wal दोन्ही. उघडल्यावर Z ने सुरू होणाऱ्या नावांचे तक्ते आहेत, ZAMOUNT मध्ये माझे आकडे ओळखू येतायत. पण ZDATE मध्ये तारखा नाहीत, 79 कोटींच्या घरातले आकडे आहेत. हे काय?

---

स्क्रूड्रायव्हर

ते १ जानेवारी २००१ पासूनचे सेकंद आहेत, अॅपलची जुनी सवय. त्यात 978307200 मिळवलं की नेहमीचा युनिक्सचा वेळ होतो, तो तारखेत बदलतो. तुमच्या तक्त्याचं नाव घालून:

```
SELECT datetime(ZDATE + 978307200, 'unixepoch', 'localtime'), ZAMOUNT FROM ZENTRY;
```

निकाल सीएसव्हीमध्ये काढा. खर्चाचा प्रकार बहुधा दुसऱ्या तक्त्यात असेल आणि इथे फक्त त्याचा क्रमांक असेल, तो जोडून घ्यावा लागेल.

---

अनु_ब

मी नुसती वाचतेय आणि मला घाम फुटलाय. आयक्लाउडच्या बॅकअपमध्ये असं डोकावता येतं का?

---

स्क्रूड्रायव्हर

नाही. तो साठा असा फोल्डर म्हणून हातात मिळत नाही. कोऱ्या फोनवर अख्खा उतरवा, एवढाच सरळ मार्ग. म्हणून एखादा जुना फोन घरात असेल तर तो कोरा करून त्यावर उतरवायचा, चालू फोनला धक्का लावायचा नाही. बॅकअप ज्या आयओएसचा आहे त्याहून जुनी आयओएस त्या फोनवर असेल तर आधी अपडेट मात्र करावी लागेल. आणि तिथे व्हॉट्सअॅपमध्ये नंबर टाकू नका, नाहीतर चालू फोनवरचं बंद होईल.

कॉम्प्युटरवरच्या बॅकअपलाही पासवर्ड असता तर वरची युक्ती इतकी सोपी नव्हती, अनुक्रमणिकाच कुलूपबंद असते.

---

कट्टर_प्लग

बघा, शेवटी मॅकवाला बॅकअपच कामाला आला की नाही.

---

रातकिडा

आणि तोही बिनपासवर्डाचा, जो घेऊ नका असं आम्ही एरवी कंठशोष करून सांगतो. घरातल्या लॅपटॉपवर कुणीही असं उघडून तुमचे मेसेजही वाचू शकतो, हेही लोकांना यावरून कळेल.

---

निळी_पेन्सिल

@रातकिडा, मग घ्यावा की घेऊ नये?

---

रातकिडा

पासवर्डाचाच घ्यावा. कुलूपबंद बॅकअपही पासवर्ड माहीत असेल तर उघडणारी साधनं आहेत, जरा खटपट जास्त. फोन बदलताना तर त्याला पर्याय नाही. साध्या बॅकअपवरून दुसऱ्या फोनवर गेलात तर पासवर्डची तिजोरी येत नाही, आणि आयक्लाउड बॅकअपमधली ती तिजोरी त्याच मूळ फोनवर उघडते. तिथे आयक्लाउड कीचेन चालू असेल तर निभावतं, नाहीतर एकेका अॅपमध्ये लॉग-इन करत बसा.

---

पाचवा_कोपरा

३ तारखेपर्यंतच्या सगळ्या नोंदी सीएसव्हीमध्ये आल्या! प्रकारांचे क्रमांक जुळवायला संध्याकाळ गेली. त्यानंतरच्या नोंदी बँकेच्या मेसेजवरून भरेन. सर्वांचे, विशेषतः जुनी_वायर यांचे आभार, मी सरळ फोन जोडणार होते.

बनवणाऱ्याचं उत्तर पण आलं. "पुढच्या आवृत्तीत बघतो." नेमकं काय बिघडलं होतं त्यावर चकार शब्द नाही. अॅपमध्ये इम्पोर्ट आहे पण त्याला रकान्यांचा क्रम वेगळा हवाय, आणि खरं सांगू का, पुन्हा त्याच अॅपमध्ये भरावं असं वाटत नाहीये.

---

ठिपका

सरळ स्प्रेडशीटमध्ये ठेवा हो. गोठवलेला बॅकअप मात्र लगेच उडवू नका, इम्पोर्ट नीट झालंय हे महिनाभर बघून मग. आणि आयक्लाउड बॅकअपचा खटका पुन्हा चालू केलात का?

---

पाचवा_कोपरा

अय्या, नाही. करते.

---

आळशी_मांजर

आता माझा खराखुरा प्रश्न, याच धाग्यात विचारते. नवा फोन घेतलाय, आयक्लाउडवर जागा नाही, लॅपटॉप नाही. काय करू?

---

जुनी_वायर

@आळशी_मांजर, दोन्ही फोन शेजारी ठेवून थेट पाठवता येतं, नव्या फोनच्या सेटअपमध्येच विचारतो. किंवा जुन्या फोनवर Transfer or Reset iPhone मध्ये Get Started दाबा, जागा कमी असली तरी फोन बदलण्यापुरता तात्पुरता बॅकअप फुकट ठेवू देतात, २१ दिवस. नव्यावर आधीच काही भरून ठेवलं असेल तर ते जाईल, ते आधी बघा.

---

आळशी_मांजर

नव्यावर कालच दोनशे फोटो काढलेत :(

---

जुनी_वायर

आयक्लाउड फोटोज चालू आहे का त्यावर?

---

आळशी_मांजर

आयक्लाउडवर जागा नाही म्हटलं ना!

---

स्क्रूड्रायव्हर

मग एअरड्रॉपने जुन्या फोनवर पाठवा ते फोटो, मग नवा कोरा करा, मग जुन्यावरून सगळं एकदम घ्या. जुन्यावर जागा आहे ना?